रंगीत फुटेज कृष्णधवल करताना कॉन्ट्रास्ट नेमका कुठे हरवतो?

रंगीत फुटेज जुन्या काळातल्यासारखे दिसावे म्हणून बहुतेक जण संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशनची पट्टी शून्यावर नेतात, आणि समोर येते ते मळकट, राखाडी, मरगळलेले चित्र. मग कॉन्ट्रास्टची पट्टी वर सरकवली जाते. तसे केल्यावर कपाळावरचा उजेड पांढराफटक होतो, केसांच्या जागी काळा डाग उरतो, आणि माणूस मागच्या झाडीत मिसळून गेलेला असतो तो तसाच राहतो. इथे चूक कॉन्ट्रास्टच्या पट्टीची नसते. जो फरक डोळ्यांना हवा होता, तो त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे रंगाचे राखाडीत रूपांतर होतानाच, पुसला गेलेला असतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एका पायरीसाठी आहे; सेपियाचा तपकिरी रंग आणि इतर सजावट त्यानंतर येईल.

राखाडी छटा ठरते कशी?

डिजिटल चित्रातला प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी सांगितला जातो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. साध्या आठ बिटांच्या फुटेजमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो, आणि या तीन घटकांना चॅनेल म्हणतात. कृष्णधवल चित्रात मात्र प्रत्येक बिंदूसाठी एकच आकडा शिल्लक राहतो. तिनाचा एक करायचा, तर कोणत्या चॅनेलला किती वजन द्यायचे हे कुणीतरी ठरवावे लागते.

सॅच्युरेशन शून्यावर नेल्यावर हे वजन सहसा सॉफ्टवेअर परस्पर ठरवते. एचडी व्हिडिओच्या प्रमाणात ते लालसाठी ०.२१२६, हिरव्यासाठी ०.७१५२ आणि निळ्यासाठी ०.०७२२ इतके आहे. हे आकडे मनाला येईल तसे घेतलेले नाहीत. माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो, त्याचे ते प्रतिबिंब आहे, आणि रंग किती उजळ आहे याचे उत्तर त्यातून प्रामाणिकपणे मिळते. अडचण अशी की दोन वस्तू एकमेकींपासून वेगळ्या दिसतील की नाही, याची हमी ते देत नाही. दोन निरनिराळ्या पावत्यांची बेरीज योगायोगाने सारखी आली आणि आपण फक्त बेरजा ठेवून पावत्या फाडून टाकल्या, तर कोणती रक्कम कशाची होती हे नंतर कितीही हिशेब केला तरी सांगता येत नाही. रंगांचेही नेमके हेच होते.

एक फ्रेम तपासून पाहू

समजा, लाल स्वेटर घातलेली एक व्यक्ती हिरव्या झुडपांसमोर उभी आहे. मागे निळे आकाश आहे आणि त्यात एक पांढरा ढग आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण ढगाळ नसलेल्या दिवशी सावलीच्या कडेला चित्रित केलेल्या फुटेजमध्ये असे आकडे सहज सापडतात. लाल, हिरवा, निळा या क्रमाने स्वेटर १८०, ४५, ४५ आहे. झुडपे ६०, ८०, ४५. आकाश १३०, १७५, २२५. चेहरा १९०, १४०, ११०. आणि ढग तिन्हींत २३५.

प्रमाणित वजनांनी गुणाकार केला की स्वेटरची छटा ७४ येते आणि झुडपांची ७३. रंगीत चित्रात ज्या दोन गोष्टी सर्वाधिक उठून दिसत होत्या, त्यांच्यातला फरक एका आकड्यावर आला. आता कॉन्ट्रास्ट दुप्पट केला तरी एकाचे फार तर दोन होतील, आणि तेवढा फरक पडद्यावर कुणालाही दिसणार नाही. शिवाय चेहरा १४८ वर आणि आकाश १६९ वर आहे, म्हणजे ज्याच्याकडे पाहणाऱ्याची नजर जायला हवी तो चेहरा पार्श्वभूमीपेक्षा गडद झाला आहे. चित्र मरगळलेले का दिसते, याचे उत्तर या चार आकड्यांत आहे.

आता वजने आपण ठरवू: लाल ०.६, हिरवा ०.३ आणि निळा ०.१. स्वेटर १२६ वर जातो, झुडपे साधारण ६४ वर उतरतात, आकाश १५३ होते आणि चेहरा १६७ वर येतो. स्वेटर आणि झुडपे यांच्यात बासष्ट पायऱ्यांचे अंतर पडले, चेहरा आकाशापेक्षा उजळ झाला, आणि आकाश उतरल्यामुळे ढगही अधिक ठसठशीत झाला. कॉन्ट्रास्टच्या पट्टीला अजून हातही लावलेला नाही.

तिन्ही वजनांची बेरीज १ आहे याकडे लक्ष द्यावे. ती १ ठेवली की पांढरे पांढरेच राहते आणि मुळात राखाडी असलेल्या वस्तूंची छटा बदलत नाही, म्हणून ढग दोन्ही वेळा २३५ वरच आहे. बेरीज १ च्या वर गेली तर उजळ भाग २५५ च्या छताला धडकून सपाट होतात. खाली गेली तर सगळे चित्र अंधारते.

हे काम करणाऱ्या साधनाला बहुतेक ठिकाणी चॅनेल मिक्सर म्हणतात. DaVinci Resolve मध्ये ते RGB Mixer या नावाने आहे आणि त्यात Monochrome ही खूण केली की प्रत्येक चॅनेलसाठी एकच वजन भरायचे उरते. आकडे पाठ करण्याची गरज नाही. मूळ रंगीत फ्रेम शेजारी ठेवावी, कोणत्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात हे आधी ठरवावे, आणि त्या दोहोंत ज्या चॅनेलचा आकडा सर्वांत जास्त भिन्न आहे त्या चॅनेलचे वजन वाढवावे. आपल्या फ्रेममध्ये तो लाल होता. निळा शर्ट आणि पिवळी भिंत असती, तर वजन निळ्या बाजूला झुकवून पाहावे लागले असते.

मग सगळे वजन लालवरच का टाकू नये?

ही शंका रास्त आहे, कारण लाल चॅनेलमध्ये त्वचा नितळ दिसते, डाग आणि लालसर पुरळ विरघळतात, आणि आकाश गडद होते. जुने छायाचित्रकार कृष्णधवल फिल्म वापरताना भिंगावर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावत, तीही याच कारणाने. पण हे तिथपर्यंतच ठीक आहे.

पहिली मर्यादा चेहऱ्यातच आहे. ओठांचा रंग १८०, ९५, ९५ असा धरला, तर प्रमाणित वजनांनी ओठ ११३ आणि चेहरा १४८ येतो. ओठ स्पष्ट दिसतात. आपल्या ०.६ च्या मिश्रणात ओठ १४६ आणि चेहरा १६७ आहे, म्हणजे अंतर बरेच घटले. केवळ लाल चॅनेल घेतला तर ओठ १८० आणि चेहरा १९०, आणि दुरून पाहिले तर तोंड चेहऱ्यावर आहे की नाही असा प्रश्न पडावा. आजारी, मेणासारखा चेहरा दिसू लागला की लालचे वजन जास्त झाले, असे समजावे.

दुसरी मर्यादा फुटेज साठवण्याच्या पद्धतीतून येते. फोन आणि साधे कॅमेरे उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्याने साठवतात, पण रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच ठेवतात. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये रंगाचा थर प्रत्यक्षात ९६० × ५४० चाच असतो. सॅच्युरेशन शून्य केले की फक्त उजेडाचा थर उरतो, म्हणून ते चित्र सर्वांत स्वच्छ असते. चॅनेल मिक्सर मात्र रंगाच्या त्या जाड थराला उजेडात ओढून आणतो. वजने माफक असतील तर हे दिसत नाही. आकाश काळेभोर करण्याच्या हौसेने लालला १.४ आणि निळ्याला उणे ०.४ असे वजन दिले, तर बेरीज १ राहते, आकाश ९२ पर्यंत उतरते, आणि त्याच वेळी केसांच्या व फांद्यांच्या कडांना पायऱ्या पडतात, सावल्यांमध्ये चौकोनी ठिपके हलू लागतात. आपल्या उदाहरणात याचा आणखी एक गमतीदार परिणाम होतो: स्वेटर २३४ वर जाऊन ढगाइतका पांढरा होतो.

तेव्हा उणे वजन शक्यतो टाळावे, आणि निकाल पूर्ण आकारात, तोही चालत्या चित्रात तपासावा. थांबवलेल्या फ्रेममध्ये न दिसणारे ठिपके चित्र चालू झाल्यावर वळवळताना लगेच लक्षात येतात.

जुने चित्रपट असेच दिसत होते का?

सगळे नाही, आणि ज्यांना विशिष्ट काळाचा आभास हवा आहे त्यांनी हा भाग लक्षात घ्यावा. मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. तिला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. लाल न दिसणाऱ्या फिल्मवर ओठ काळपट, त्वचा गडद आणि डागाळ, निळे डोळे फिके आणि आकाश पांढरेफटक येई, आणि नटांच्या चेहऱ्यांना जाड रंग चोपडण्यामागचे एक कारण तेही होते.

याची नक्कल करायची, तर लालचे वजन ०, हिरव्याचे ०.६ आणि निळ्याचे ०.४ ठेवून पाहावे. आपला स्वेटर ४५ वर उतरून झुडपांच्या ६६ पेक्षाही गडद होतो, चेहरा १२८ आणि आकाश १९५. ढगाचा आकाशापुढचा उठाव बराच कमी होतो. हे चित्र मूकपटाच्या काळाशी अधिक प्रामाणिक आहे, पण आजच्या व्यक्तीचा चेहरा त्यात फारसा खुलत नाही. बहुतेकांच्या मनातले ‘जुने चित्र’ हे त्याच्या नंतरच्या काळातले, स्वच्छ आणि भरदार छटांचे असते, म्हणून माझा कौल पहिल्या मिश्रणाला आहे.

छायाचित्राला जे चालते ते फुटेजला का चालत नाही?

फुटेज स्थिर नसते. व्यक्ती सावलीतून उन्हात येते, कॅमेरा खिडकीकडून आतल्या दिव्याकडे वळतो, आणि फोन त्या दरम्यान स्वतःच व्हाइट बॅलन्स बदलतो, म्हणजे पांढरी वस्तू पांढरी दिसावी यासाठी तिन्ही चॅनेलचे प्रमाण पुन्हा ठरवतो. रंगीत चित्रात हा बदल किंचित पिवळसर-निळसर झाक म्हणून खपून जातो. कृष्णधवल रूपांतरानंतर मात्र रंगातला बदल थेट उजेडातला बदल होतो.

समजा चालू शॉटमध्ये लाल चॅनेल दहा टक्क्यांनी उतरला. प्रमाणित वजनांत चेहऱ्याच्या १४८ पैकी केवळ ४० लालकडून येतात, त्यामुळे चेहरा तीन टक्क्यांहूनही कमी गडद होतो. आपल्या मिश्रणात १६७ पैकी ११४ लालकडून येतात, म्हणून चेहरा जवळपास सात टक्क्यांनी गडद होतो, आणि कारण नसताना दिवा मंद झाल्यासारखे वाटते. म्हणून रंग दुरुस्त करणे ही पायरी ‘नाहीतरी रंग काढायचेच आहेत’ असे म्हणून गाळू नये. आधी रंगीत अवस्थेत प्रत्येक शॉटचा व्हाइट बॅलन्स आणि उजेड जुळवून घ्यावा, मग मिक्सर लावावा. एकामागून एक येणाऱ्या शॉटना एकच मिश्रण देण्याचाही आग्रह नको. झुडपांसमोरच्या शॉटला जे मिश्रण बसले, ते लाल भिंतीसमोरच्या शॉटला बसेलच असे नाही. चेहऱ्याची छटा सर्व शॉटमध्ये जुळली की पाहणाऱ्याला बाकीचे फरक फारसे खटकत नाहीत.

कॉन्ट्रास्ट आता, पण पट्टीने नव्हे

छटा वेगळ्या झाल्यावर त्यांना ताणण्याचे काम उरते, आणि त्यासाठी कर्व्ह हे साधन वापरावे. कर्व्ह म्हणजे जुनी छटा आडव्या अक्षावर आणि नवी उभ्या अक्षावर दाखवणारी रेषा. तिला इंग्रजी एस अक्षरासारखा हलका बाक दिला की गडद छटा थोड्या खाली आणि उजळ छटा थोड्या वर जातात, पण अगदी काळे आणि अगदी पांढरे ही टोके जागेवर राहतात. पाव उंचीवरचा बिंदू २५ टक्क्यांवरून २० वर आणि पाऊण उंचीवरचा ७५ वरून ८० वर नेला, तर आपली झुडपे ६४ वरून साधारण ५१ वर येतात, चेहरा थोडा उजळतो आणि मधला स्वेटर जागेवर राहतो. सुरुवातीला इतकेच पुरे.

डोळा पाच मिनिटांत कोणत्याही कॉन्ट्रास्टला सरावतो, म्हणून वेव्हफॉर्म उघडा ठेवावा. हा आलेख फ्रेममधला उजेड ० ते १०० या पट्टीवर दाखवतो. रेषांचा गठ्ठा तळाशी किंवा छताशी चिकटून जाड, सपाट पट्टा झाला असेल, तर तिथला तपशील गेला. ढगात थोडी तरी जाडी दिसली पाहिजे, आणि काळ्या केसांत एखादी बट वेगळी ओळखू आली पाहिजे.

जुने चित्र फिकेच असते, मग एवढा कॉन्ट्रास्ट कशाला, असेही विचारले जाते. फिकेपणा आणायचा असेल तर तो अगदी शेवटी, काळ्याचे टोक शून्यावरून चार-पाच टक्क्यांवर उचलून आणावा. चित्र आतून भरदार आणि वरून किंचित विटलेले दिसते. सुरुवातीपासूनच मळकट असलेल्या चित्राला तो परिणाम साधत नाही.

सेपिया: तपकिरी रंग कुठे लावायचा?

सेपिया हा मुळात रसायनाचा परिणाम आहे. छायाचित्राच्या कागदावरचे काळे म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. सल्फाइडच्या द्रावणात त्यांचे सिल्व्हर सल्फाइड होते, आणि ते तपकिरी तर दिसतेच, शिवाय अधिक टिकते. जिथे चांदी नाही, म्हणजे पांढऱ्या भागात, तिथे रंग चढत नाही. चित्रपटात याखेरीज दुसरी पद्धत होती: अख्खी फिल्म रंगद्रवात बुडवायची, त्यामुळे पांढरे भागही रंगीत होत. सॉफ्टवेअरमधले बरेचसे तयार सेपिया या दुसऱ्या प्रकाराकडे झुकतात.

त्यांपैकी सर्वांत प्रचलित सूत्र, ffmpeg या लिखित आदेशांवर चालणाऱ्या व्हिडिओ-साधनाच्या भाषेत, असे आहे:

```
colorchannelmixer=.393:.769:.189:0:.349:.686:.168:0:.272:.534:.131
```

यात लालच्या वाट्याच्या वजनांची बेरीज १.३५१ होते, हिरव्याच्या १.२०३ आणि निळ्याच्या ०.९३७. बेरीज १ च्या वर गेल्यावर काय होते ते आपण पाहिलेच आहे. राखाडी १२८ ची छटा इथे १७३, १५४, १२० होते, म्हणजे नुसता रंग चढत नाही तर उजेडही १५६ च्या आसपास जातो. १८९ च्या वरच्या प्रत्येक छटेत लाल छताला लागतो आणि २१२ च्या वर हिरवाही लागतो. आपला ढग या टप्प्यात येतो. त्याच्यातली सावली-उजेडाची घडण जाऊन पिवळट डाग उरतो. मेहनतीने मिळवलेला कॉन्ट्रास्ट एका तयार फिल्टरने असा वाया जातो.

त्याऐवजी आधी मिक्सर आणि कर्व्हने कृष्णधवल चित्र पूर्ण करावे आणि मग केवळ मधल्या छटांना रंग द्यावा: लालच्या कर्व्हचा मध्य ५० वरून ५६ टक्क्यांवर, निळ्याचा ४० वर, हिरवा जागेवर, आणि पांढऱ्याच्या टोकाला निळा ९४ वर उतरवून हलकी साय. राखाडी १२८ आता १४३, १२८, १०२ होते आणि तिचा उजेड १२९ राहतो. म्हणजे रंग आला आणि कॉन्ट्रास्ट हलला नाही.

सगळे एकत्र

ज्यांना ffmpeg वापरता येते त्यांच्यासाठी वरच्या मिश्रण, कर्व्ह आणि सेपिया या पायऱ्या एका आदेशात अशा बसतात. नुसते कृष्णधवल हवे असेल तर दुसरा `curves` काढून टाकावा.

```
ffmpeg -i in.mp4 -vf "colorchannelmixer=.6:.3:.1:0:.6:.3:.1:0:.6:.3:.1:0,
curves=all='0/0 0.25/0.20 0.75/0.80 1/1',
curves=r='0/0 0.5/0.56 1/1':b='0/0 0.5/0.40 1/0.94',
format=yuv420p,noise=c0s=8:c0f=t" -c:v libx264 -crf 16 -c:a copy out.mp4
```

शेवटचा `noise` हा ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणा. तो फक्त उजेडाच्या थरावर टाकला आहे, कारण तिन्ही चॅनेलवर वेगवेगळा टाकला तर रंगीत ठिपके दिसतात आणि जुन्या फिल्मचा भास तिथेच संपतो. ग्रेनचा दुसरा उपयोग व्यावहारिक आहे: कर्व्हने ताणलेल्या आकाशात आठ बिटांच्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात, आणि हलता दाणा त्या पट्ट्या मोडतो. ओरखडे, धूळ आणि थरथरणारी फ्रेम मात्र वगळावी. तयार मिळणारा तोच तो ओरखडा चार सेकंदांनी पुन्हा येतो तेव्हा पाहणाऱ्याच्या लक्षात येतेच.

`crf` चा आकडा नेहमीपेक्षा कमी, म्हणजे दर्जा जास्त, ठेवण्याचे कारणही ग्रेनच आहे. फाइल लहान करण्याच्या नादात कॉम्प्रेशन वाढवले तर ते दाण्याला निरुपयोगी तपशील समजून पुसते आणि त्या जागी चिखलासारखे ठिगळ ठेवते. रंगच नाहीत म्हणून फक्त राखाडी थर साठवणारा `gray` हा प्रकार निवडण्याचा मोह होतो, पण काही प्लेअर आणि टीव्ही तो चालवत नाहीत. रंगाचे थर रिकामे असले तरी `yuv420p` च ठेवावे, त्याने फाइलचा आकार फारसा वाढत नाही. मूळ रंगीत फाइल अर्थातच वेगळी जपून ठेवावी, कारण कृष्णधवल प्रतीतून वजने पुन्हा बदलता येत नाहीत.